हुंडणावळ आणि बट्टा

आमच्या घरात गेली काही वर्षे एक वाद दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उद्भवे आणि कोणाचेही समाधान न होता विरून जाई. थोरला भाऊ शारजाला नोकरी करतो आणि रत्नागिरीला अण्णांच्या खात्यावर पैसे पाठवतो. दादा फोनवर म्हणे, "सेहेचाळीस हजारांच्या वर पाठवलेत." अण्णा दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून आणत आणि मला म्हणत, "हा सेहेचाळीस म्हणतो, इथे पंचेचाळीस दिसतात. मधले हजार कोण खातो?" या प्रश्नातला रोख मला कळत असे. दादालाही तो कळत असावा, कारण तो हळूहळू फोनवर आकडा सांगेनासा झाला होता.

मी मराठी शिकवते. हिशेब हा माझा प्रांत नव्हे. पण एकाच घटनेच्या दोन नोंदी परस्परांशी जुळत नसतील तर कोणाला खोटे ठरवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात, एवढी सवय पाठचिकित्सेने लावलेली आहे. 2024च्या ऑक्टोबरअखेरीस मी दादाकडून पावतीचे छायाचित्र मागवून घेतले आणि अण्णांचे पासबुक तिच्याशेजारी उघडून बसले.

पावती साधी होती. पाठवलेली रक्कम 2,000 दिरहम. शुल्क 20 दिरहम. त्यावर मूल्यवर्धित कर 1 दिरहम (अमिरातीत 2018पासून तो पाच टक्के आहे). एकूण घेतलेले 2,021 दिरहम. दर 22.60. मिळणारी रक्कम 45,200 रुपये. पहिली तपासणी पावतीच्या आतलीच: 2,000 गुणिले 22.60 म्हणजे बरोबर 45,200. येथे पाहायचे ते एवढेच, की गुणाकार 2,000चा आहे की 2,021चा. काही ठिकाणी शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच वजा करतात. तसे असते तर गुणाकार 1,979चा झाला असता. आमच्या पावतीत शुल्क वेगळे घेतले होते. म्हणजे पावती स्वतःशी प्रामाणिक होती.

पण स्वतःशी जुळणारी पावती सगळे सांगतेच असे नाही. दर 22.60 का, याचे उत्तर तिच्यात नव्हते. सुदैवाने दिरहमच्या बाबतीत ते शोधणे सोपे आहे. 1997पासून एका डॉलरला 3.6725 दिरहम हा भाव अमिरातीने बांधून ठेवलेला आहे. त्यामुळे डॉलरचा रुपयातला भाव कळला की त्याला 3.6725ने भागावे, दिरहमचा बाजारातला मध्यदर हाती येतो. डॉलरचा संदर्भ दर कामकाजाच्या दर दिवशी दुपारी जाहीर होतो. 2018च्या मध्यापर्यंत तो रिझर्व्ह बँक स्वतः देई, आता फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था देते. त्या दिवशी डॉलर सुमारे 84 रुपये 10 पैसे होता. भागाकार आला 22.90. दादाला मिळाले 22.60. प्रत्येक दिरहममागे 30 पैसे पावतीवर कोठेही न छापता गेले होते. दोन हजार दिरहमवर ते झाले 600 रुपये.

येथे मला दोन जुने मराठी शब्द आठवले. हुंडी पाठवण्यासाठी सराफ जे घेई ती हुंडणावळ, आणि एक नाणे देऊन दुसरे घेताना जी तूट सोसावी लागे तो बट्टा. आजच्या पावतीवर हुंडणावळ छापलेली असते. बट्टा मात्र दराच्या पोटात असतो.

आता दादाचे 'सेहेचाळीस' उलगडले. तो आपल्या खिशातून गेलेले 2,021 दिरहम मोबाइलवर दिसणाऱ्या दराने गुणत होता. हा दर म्हणजे मध्यदरच. 2,021 गुणिले 22.90 म्हणजे 46,280 रुपये 90 पैसे. त्यातून 21 दिरहमांचे हुंडणावळीचे 480 रुपये 90 पैसे वजा केले, बट्ट्याचे 600 वजा केले, की उरतात नेमके 45,200. पैशाचाही फरक राहिला नाही. दादा खोटे बोलत नव्हता. गेलेले पैसे तो सांगत होता, आणि अण्णा आलेले.

तरीही एक गाठ सुटायची होती. अण्णांच्या मते आलेले 45,200 नव्हेत, 45,082. म्हणजे आणखी 118 रुपये कमी. मी पासबुक नीट पाहिले. अण्णा खात्यातील आधीची आणि नंतरची शिल्लक यांची वजाबाकी करत होते. जमेच्या ओळीत मात्र 45,200 पूर्ण होते, आणि त्या ओळीतला व्यवहार क्रमांक दादाच्या पावतीवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळत होता. त्याखालच्या ओळीत 118 रुपये नावे पडले होते: एटीएम कार्डाचे वार्षिक शुल्क शंभर रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी. दादाच्या पैशांशी त्याचा संबंध नव्हता. न ओळखू येणारी कपात दिसली की तिला 1.18ने भागून पाहावे. उत्तर गोल आकडा आले, तर बहुधा ते आपल्याच बँकेचे शुल्क असते.

आमचे पैसे तिकडेच रुपयांत रूपांतरित होऊन एनईएफटीने येतात, म्हणून पावतीवरचा आकडा खात्यात पूर्ण उतरायला हवा. जेथे परकीय चलन थेट भारतातल्या बँकेत येते आणि येथे बदलले जाते, तेथे हा नियम लागू नाही. तेथे मधली एखादी बँक वाटेतच काही कापू शकते, दर येथली बँक लावते आणि चलनबदलावर जीएसटीही पडतो. अशा वेळी पाठवणाऱ्याची पावती पुरत नाही. येथल्या बँकेकडून लावलेला दर आणि कपात लेखी मागावी लागते. आणखी एक मर्यादा सांगायला हवी. दर दिवसभर हलत असतो. पावतीवरची वेळ आणि संदर्भ दराची वेळ यांत काही तास असतील, तर चार-पाच पैशांच्या फरकाला बट्टा म्हणणे अन्यायाचे होईल. तीस पैशांना मात्र म्हणता येते.

दादाने मग विचारले, "शेजारचा दुकानदार शुल्क घेत नाही. त्याच्याकडून पाठवू का?" त्याचा दर होता 22.30. मी 2,021ला 22.30ने गुणले: 45,068 रुपये. फुकट म्हणवणारा सौदा 132 रुपयांनी महाग होता. तेव्हा दोन दुकानांची तुलना शुल्काने किंवा दराने करू नये. खिशातून तेवढेच दिरहम गेले असता खात्यात किती रुपये पडतात, एवढे एकच विचारावे.

मी हे सारे एका कागदावर अण्णांच्या वहीच्या पद्धतीने, डावीकडे जमा आणि उजवीकडे खर्च, मांडून त्यांना दिले. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज केली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी दादाचा फोन आला, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि विचारले, "तुझे दोन हजार एकवीस गेले म्हणे. तुला तिथे पुरतात ना?"

बट्टा या शब्दाचा दुसरा अर्थ मी कागदावर लिहिला नव्हता. पण इतके महिने तो दादाच्या नावाला लागून होता, हे आम्हां तिघांनाही माहीत होते.