फोड करकरीत राहावी म्हणून

यंदा मनगटाने हात टेकले. राजापुरीच्या कोयीवर आडकित्ता दाबला की कळ खांद्यापर्यंत जाते, म्हणून कैऱ्या विरारच्या बाजारातच कापून घेतल्या. त्याच आठवड्यात सुनेने सुपरमार्केटमधली बाटली समोर ठेवली. "आई, ही गेल्या वर्षीची. फोड बघा." मी चावली. करकरीत! माझी फोड दिवाळीला मऊ पडते, हे मला गिऱ्हाइकांपेक्षा जास्त सलतं.

लोणच्याच्या कारखान्याला कैरी वर्षभर पुरवायची असते. फोडी मिठाच्या पाण्यात पिंपं भरून महिनोन्महिने ठेवतात, मग जादा मीठ धुऊन मसाल्यात घालतात. काही जण कॅल्शियम क्लोराइड घालतात, त्याने फोडीतलं पेक्टिन घट्ट धरून राहतं. पण त्या धुण्यात कैरीचा वासही जातो आणि आंबटपणा उरतो तो बराचसा ॲसेटिक ॲसिडचा. फोड खाताना दात खूश होतात, नाक नाही.

आई वसईच्या मिठागरातलं खडे मीठच वापरायची. मला तो हट्ट वाटायचा. न शुद्ध केलेल्या त्या मिठात थोडं कॅल्शियम असतंच, हे फार उशिरा कळलं. आता मीही तेच घेते, किलोभर फोडींना दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. फरक पडतो, पण पावसाळा ओलांडेपर्यंतच. बाठा धरलेली कैरी, कोरड्या पंचाने पुसलेली फोड, सगळं करून झालं. बाजारातली कापणी चिकाने ओली येते, ती वाळवायला यंदा पूर्ण दुपार गेली.

मोहरीत मात्र मी हरत नाही. ताजी भरडलेली मोहरीची डाळ ओलाव्याला लागली की झणका उठतो. त्यावर गरम तेल पडलं की तो मरतो. म्हणून फोडणी पूर्ण गार होऊ देते. हा झणका पहिले दोन-तीन महिनेच टिकतो, बाटलीतल्या लोणच्यात तो दुकानात पोचण्याआधीच संपलेला असतो. मोठं नाव वाईटच, असं मी म्हणत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी सुरू केलेल्या लिज्जतचे पापड आजही बायका घरीच लाटतात. राग येतो तो आमच्यातल्याच काहींचा. तयार मसाल्याचं पाकीट फोडून 'घरगुती' अशी चिठ्ठी चिकटवतात! आगाशीची सुकेळी तेवढी वाचली आहेत, राजेळी केळं उन्हातच वाळवावं लागतं, त्याला पाकीट नाही.

सून म्हणते, कॅल्शियम घालून बघू. मी एका बरणीत घालू दिलं आहे, मोहरी मात्र माझीच. गिऱ्हाइकांना अजून सांगितलेलं नाही. दसऱ्यानंतर कोणी लोणचं मागितलं, तर मी संपलं म्हणते. बरणीत असतं, मऊ फोड माझ्या नावाने कोणाच्या ताटात पडायला नको.