बारो, बारे, बर्री

धारवाडकडच्या एखाद्या कन्नड कथेत आई दारातून हाक मारते, ‘बारे!’ हा शब्द देवनागरीत वाचला की मराठी वाचक अंगणातल्या मुलाकडे बघू लागतो. ‘रे’ म्हटलं की पुढे मुलगाच असणार, असं आपला कान धरून चालतो. पण आईनं बोलावलेलं असतं मुलीला. ‘बा’ म्हणजे ये. त्याच्या शेवटी ‘ओ’ आला की ‘बारो’, म्हणजे ये रे, आणि ‘ए’ आला की ‘बारे’, म्हणजे ये गं. म्हैसूर-बंगळूरकडे हेच ‘कणो’ आणि ‘कणे’ यांत ऐकू येतं. ‘हौदु कणो’ म्हणजे हो रे, ‘हौदु कणे’ म्हणजे हो गं.

कन्नड कथा मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्यानं अनुवाद करू लागलेल्यांचे खर्डेही माझ्याकडे वाचायला येतात. त्यांत मी नामं-विशेषणं नंतर बघते, आधी या शेपट्या बघते. कन्नड माणसाची माया पुष्कळदा क्रियापदाच्या शेवटी असते. ‘लाडका’, ‘गोड’, ‘प्रेमळ’ असे शब्द तिथे फार कमी लागतात. एका ‘बा’ची किती रूपं होतात ते पाहा. धाकट्याला बारो, धाकटीला बारे. जरा समजूत घालायची असेल तर बारप्पा, बारव्वा. थोरल्या भावाला बारण्णा, बहिणीला बारक्का. आणि मान द्यायचा असेल तर धारवाडी ‘बर्री’. हे शेवटचं ‘री’ आपल्या कानाला फार फसवतं. मराठीत ‘रे’ जितका जवळचा, तितकं कन्नडमधलं ‘री’ आदराचं. बायको नवऱ्याला नुसतं ‘री’ म्हणून हाक मारते, ते आपलं ‘अहो’. ‘हौद्री’, ‘इल्री’ म्हणजे होय हो, नाही हो. दुकानदार गिऱ्हाइकाशी आणि सून सासऱ्याशी असंच बोलते.

ही शेपटी लक्ष देऊन वाचायला आणखी एक कारण आहे, आणि ते व्याकरणातलं आहे. कन्नडमध्ये ‘तो आला’, ‘ती आली’ यांत फरक दिसतो. बंद, बंदळु. पण ‘मी’ आणि ‘तू’ यांच्या क्रियापदांना लिंग नाही. ‘नी यावाग बंदे?’ म्हणजे ‘तू केव्हा आलास?’ किंवा ‘तू केव्हा आलीस?’ मराठीत एक निवडल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. कन्नड लेखकानं नाव घेतलेलं नसेल आणि दोघंच बोलत असतील, तर मुलगा की मुलगी हे सांगणारा एकच पुरावा हाती असतो, तो म्हणजे ‘ओ’ किंवा ‘ए’. एका खर्ड्यात मोठी बहीण धाकटीची वेणी घालता घालता तिच्याशी बोलते, असा प्रसंग होता. अनुवादात धाकटी ‘आलास’, ‘बसलास’ झाली होती. वेणी मात्र तशीच राहिली होती. ‘कूडे’, म्हणजे बस गं, यातला ‘ए’ अनुवादकानं मराठी कानानं ऐकला, त्यामुळे हे घडलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, संवाद हातात घेण्याआधी समासात लिहून ठेवा, कोण बोलतंय, कुणाशी, कोण मोठं, नातं काय. मग प्रत्येक ओळीची शेपटी त्याच्याशी ताडून बघा. मध्येच एखादी शेपटी बदलली तर तिथे नक्की काहीतरी घडलेलं असतं.

सध्या हातात असलेल्या कथेतला एक प्रसंग सांगते. नातू रुसून बाहेर कट्ट्यावर बसलाय. घरात पानं वाढून झालीत. आजी त्याला तीनदा बोलावते. पहिल्यांदा म्हणते, ‘बारो.’ थोड्या वेळानं, ‘बारप्पा, ऊट माडु.’ तिसऱ्यांदा ती उठून दारात येते आणि म्हणते, ‘बारो नन्नप्पा.’ ‘ऊट माडु’ म्हणजे जेव. ‘अप्पा’ म्हणजे बाप, ‘नन्नप्पा’ म्हणजे माझ्या बापा. आजीचा आवाज हाकेगणिक मऊ होत जातो. आता हे शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणू. ‘ये रे.’ ‘ये बाबा, जेव.’ ‘ये रे माझ्या बापा.’ मोठ्यानं वाचून बघा. मराठी आजी हाकेगणिक चिडत चालली आहे! ‘ये बाबा एकदाचा’, ‘नको रे बाबा’, ‘अरे माझ्या बापा, किती वेळा सांगू?’ आपल्याकडे बाप लेकराच्या हाकेत येतो तो बहुधा कंटाळून. कन्नड ‘अप्पा’सुद्धा वैतागात येतो, नाही असं नाही. पण नातवाला जेवायला बोलावताना तो विनवणीचा असतो. शब्द तोच, नातं तेच, आणि आजी मात्र दुसरीच.

मी पहिली हाक ‘ये रे’ अशीच ठेवली. दुसरीला ‘ये रे बाळा, दोन घास खाऊन घे.’ मुळात घास नाहीत, नुसतं ‘जेव’ आहे. पण मराठीत लहान मुलाला नुसतं ‘जेव’ म्हटलं की हुकूम होतो, आणि ‘दोन घास’ म्हटलं की आजीचा हात त्याच्या पाठीवर येतो. तिसरीला ‘ये रे माझ्या सोन्या.’ इथे बाप गेला, सोनं आलं. सोनं कन्नडला परकं नाही. ‘चिन्ना’ आणि ‘बंगारा’ हे दोन्ही शब्द सोन्याचे आणि दोन्ही लेकरांसाठी वापरातले, त्यामुळे कन्नड आजीच्या तोंडी मी काही भलतं घातलं असं वाटत नाही. नातवाच्या जागी नात असती, तर आजी ‘बारे नन्नव्वा’ म्हणाली असती. ‘अव्वा’ म्हणजे आई. आणि तिथे मला काहीच गमवावं लागलं नसतं. मराठवाड्यात लेकीबाळींना ‘माय’ म्हणतात. ‘ये गं माझी माय’ म्हटलं की कन्नड आजी जशीच्या तशी मराठीत येऊन बसते. मुलाच्या बाबतीत मराठी अडते आणि मुलीच्या बाबतीत तिच्या एका बोलीत आयतं सापडतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कथेत याच वेळी आतून आईचा आवाज येतो, ‘बर्तियो इल्लो?’ येतोस की नाही? यातही ‘ओ’ आहे, पण तो ‘रे’चा नव्हे. दोन पर्याय समोर ठेवून विचारताना कन्नडमध्ये दोन्हींच्या शेवटी ‘ओ’ येतो. ऐकायला दोन्ही ‘ओ’ सारखेच. एक मायेचा आणि एक धाकाचा, एवढाच फरक. हा फरक फक्त वाक्याच्या घडणीवरून कळतो.

नात्यांच्या शब्दांत धोका जास्त, कारण ते आपल्या घरात इतके रुळलेत की ते ओळखीचेच वाटतात. अण्णा, अक्का, अप्पा. मराठी घरात ‘अण्णा’ म्हटलं की वडील किंवा घरातलं कुणीतरी वयस्क माणूस. ‘अण्णा आले’, ‘अण्णा जेवले’, सगळं अनेकवचनी. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, मग तो बारा वर्षांचा का असेना. धाकटी बहीण त्याला एकेरीत बोलावते, त्याच्याशी भांडते, त्याची पाटी लपवते. अनुवादात ‘अण्णा’ तसाच ठेवला तर मराठी वाचकासमोर धोतर नेसलेले गृहस्थ पाटी शोधताना दिसतात. अशा ठिकाणी मी ‘दादा’ लिहिते. कन्नड वास सगळा जाऊ नये म्हणून गावकऱ्यांच्या तोंडी कुठे अण्णा आला तर तो ठेवते. तिथे तो निभावतो.

‘ताई’चं प्रकरण याहून नाजूक आहे. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. दारावर आलेली भिक्षेकरीण ‘तायि’ म्हणते, म्हातारा अनोळखी मुलीला ‘बा तायि’ म्हणतो. देवीलाही तीच हाक. उच्चारात मराठी ‘ताई’ला इतकी जवळ की हात आपोआप ‘ताई’ लिहून जातो, आणि आईचं बहीण होतं. भिक्षेकरणीच्या तोंडी मी ‘माय’ लिहिते. म्हाताऱ्याच्या तोंडी ‘ये पोरी’ बरं वाटतं.

मग ‘पाप’. हा शब्द दोन्हीकडे संस्कृतातूनच आलेला आणि पातक हा अर्थही दोन्हीकडे आहे. पण कन्नड माणूस पडलेल्या मुलाकडे बघून ‘अय्यो पाप!’ म्हणतो तेव्हा तो कळवळलेला असतो. ‘पाप, हसिदिद्दाने’ म्हणजे बिचारा भुकेला आहे. तान्ह्या बाळाला तर ‘पापु’च म्हणतात. नवखा मराठी श्रोता इथे दचकतो, कुणी काय पाप केलं म्हणून. ‘बिचारा’ हा शब्द चालतो, पण पूर्ण पुरत नाही, कारण त्यात जरा लांबून बघणं आहे. इथे मराठीच्या पदरचं एक साधन कामी येतं, ते म्हणजे नपुंसकलिंग. ‘बिचारा भुकेला आहे’ याऐवजी ‘बिचारं भुकेलंय गं’ म्हटलं की बोलणारी एकदम त्या मुलाजवळ जाते. ‘वेडा’ आणि ‘वेडं’ यांत जो फरक, तोच हा. कन्नडमध्येही मगु, कूसु, पापु हे बाळाचे सगळे शब्द नपुंसकच. (‘कूसु’ म्हणजे तान्हं बाळ. आपल्या ‘कूस’शी त्याची गल्लत करू नये.)

सगळेच सारखे शब्द असे दगा देत नाहीत. ‘सलिगे’ आणि आपली ‘सलगी’ दोघी मनानंही बहिणीच आहेत. जवळीकही तीच आणि जास्त झाली की डोक्यावर बसण्याची भीतीही तीच.

द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरला प्राध्यापक होते, त्यांनी मराठीतही लिहिलं, आणि ‘नाकु तंति’ या कन्नड संग्रहासाठी त्यांना १९७३चं ज्ञानपीठ मिळालं. धारवाडी बोलीतल्या या हाका त्यांच्या कवितेत आहेत. घरात ‘गं’ आणि दाराबाहेर ‘ए’ ऐकत वाढलेल्या कानाला तो ‘ए’ किती लख्ख ऐकू येत असेल, असं त्यांना वाचताना मला नेहमी वाटतं. सोलापूर, अक्कलकोट, बेळगावकडच्या कितीतरी घरांत हा कान आजही आहे. माझे सर्वांत नेमके वाचक तिथलेच. शंका आली की मी त्यांनाच ओळ वाचून दाखवते.

कथेच्या शेवटाकडे आईचं एक पत्र आहे. नातू आता मोठा होऊन शिकायला परगावी गेलाय. सुरुवात ‘प्रीतिय मगनिगे’ अशी. कन्नडमध्ये ‘प्रीति’ सर्वांची. आईची, मित्राची, नवराबायकोची आणि पाळलेल्या कुत्र्याचीसुद्धा. मराठीत ‘प्रीती’ म्हटलं की भावगीत सुरू होतं, म्हणून ती इथे येऊ शकत नाही. ‘प्रिय मुलास’ लिहिलं तर कोरडं वाटतं. शेवटी मराठी आई जे लिहील तेच लिहिलं, ‘चि. बाळास, अनेक आशीर्वाद’. आणि ‘प्रीति’चा जो उमाळा मायन्यातून निसटला, तो पत्राच्या शेवटी, ‘जेवणाची हयगय करू नकोस’ या वाक्याला एक ‘रे’ जोडून भरून काढला. मूळ ओळीत तिथे ‘ओ’ होताच.