ऐकणाऱ्याचा चेहरा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढल्यामुळे छत्तीसगढी संवाद कापायला मला अडचण येत नाही. गेल्या वर्षी रायपूरच्याच काही मुलांचा एक लघुपट एडिटला आला. त्यातला दोन भावांचा प्रसंग लांबल्यासारखा वाटत होता. धाकटा परछीत येऊन थोरल्याला सांगतो, "भैया, खेत ला बेच देबो." मग म्हणतो, "कागज बन गे हे." नवा रायपूरकडची जमीन, त्यामुळे दरही बोलून दाखवतो. दिग्दर्शकाच्या कच्च्या जुळणीत जो बोलतो तोच पडद्यावर होता. लांबी खटकत होती म्हणून तो संवाद छाटायला निघाला होता.

मी शब्द तसेच ठेवले. जमीन विकायची, हे थोरल्याला आधीच कळलेलं असणार; घाव कागदांचा आहे. म्हणून पहिलं वाक्य धाकट्याच्या चेहऱ्यावर राहू दिलं. तो नजर चुकवतो, ते दिसायलाच हवं. "कागज" उच्चारताच थोरल्यावर गेलो आणि दराचा सगळा हिशेब त्याच्या चेहऱ्यावरच ऐकवला.

बोलणारा दिसत नसला की त्याच्या वाक्यांमधली शांतता आपल्या हातात येते. टेकमध्ये कागदांच्या वाक्यानंतर जेमतेम १० फ्रेमची फट होती. सेकंदाला २५ फ्रेम धरता ती ४० केली. हिशेबातल्या फटी मात्र आवळल्या. प्रसंग एकूण फारसा आखूड झाला नाही, तरी रेंगाळणं गेलं. वाढवलेल्या फटीत त्याच जागेचा रूम टोन भरावा लागतो. तो नसेल तर पाखरांचा आवाज एकदम तुटतो आणि काप कानाला कळतो.

थोरल्याची नजर वर उठते, ती शब्द संपल्यावर पाच-सहा फ्रेमनी यायला हवी. शब्दाबरोबरच आली की त्याने संवाद पाठ केलाय असं दिसतं. जमला तो भाग दुसऱ्याच टेकचा होता. त्यात नट खरोखर ऐकत होता, आपल्या वाक्याची वाट बघत नव्हता. पण त्या शॉटमध्ये धाकट्याचा खांदा आणि जबडा कडेला होता. शांततेत जबडा हलताना दिसला असता. चित्रण ४केमध्ये, टाइमलाइन एचडीची, म्हणून फ्रेम मोठी करून जबडा बाहेर ढकलता आला. जबडा मधोमध असता तर हा उपाय चालला नसता.

धाकट्याचं काम करणारा नट नाराज झाला. त्याचं सगळ्यात चांगलं वाक्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेलं होतं. नाराजी रास्तच होती, पण काप मी बदलला नाही. उरलेल्या चित्रणासाठी दिग्दर्शकाला एवढंच सांगितलं: ऐकणाऱ्याचा क्लोजअप अख्ख्या प्रसंगाचा घे, समोरच्याचा खांदा मधे आणू नकोस आणि कट म्हटल्यावरही कॅमेरा थोडा चालू ठेव.