सिनेमाआधीची तीन मिनिटे

प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात पडदा लावून सिनेमा दाखवायचा, असे आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ठरले. सिनेमा निवडला गेला व्ही. शांताराम यांचा 'पडोसी'. सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "सुरुवातीला दोन शब्द तुम्ही बोला. विषय तुमचाच आहे." ते मनापासून म्हणाले होते. तरी त्या एका वाक्याने आम्हा दोघांना दोन दिवस विचार करायला लावले. शेजाऱ्यांवरचा सिनेमा फक्त आमचा विषय कसा? तो तर अख्ख्या सोसायटीचा विषय आहे.

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1941 मध्ये एकच कथा दोन भाषांत काढली. मराठीत 'शेजारी', हिंदीत 'पडोसी'. कथा विश्राम बेडेकरांची. एका गावात एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा शेजारी राहतात, रोज बुद्धिबळ खेळतात. गावाजवळ धरण बांधू पाहणाऱ्या कारखानदाराला गावाची एकी अडचणीची वाटते आणि तो या दोघांमध्ये संशय पेरतो. पाकिस्तानच्या मागणीचा पाया ठरलेला लाहोरचा ठराव मार्च 1940 चा. म्हणजे सिनेमा आला तेव्हा त्या ठरावाला जेमतेम वर्ष होत होते.

आमच्या भाषणाचा पहिला खर्डा दोन पाने भरला. त्यात लाहोरचा ठराव होता, गंगा-जमनी तहजीब होती आणि सूरह निसाची 36 वी आयतही होती. त्या आयतीत नात्यातल्या शेजाऱ्याबरोबर अनोळखी शेजाऱ्याशीही चांगले वागण्याचा हुकूम आहे. मोठ्याने वाचून घड्याळ लावले तर अकरा मिनिटे झाली.

अकरा मिनिटे का चालणार नव्हती, याचे पहिले कारण अगदी व्यवहाराचे होते. जानेवारीच्या अखेरीस मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. मगरिब पढून आम्ही खाली येईपर्यंत पावणेसात होतात. पण आकाशात उजेड असताना पडद्यावरचे चित्र पुसट दिसते, आणि जुना काळा-पांढरा सिनेमा तर आणखीच. म्हणून सव्वासातच्या आधी सुरुवात करता येत नाही. सिनेमा दोन तासांहून मोठा आहे आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. मध्यंतर आणि वायरची एखादी खटपट धरली तर हाताशी फार वेळ उरत नाही. भाषण लांबले तर सिनेमाचा शेवट कापावा लागेल, आणि या सिनेमाचा सगळा जीव शेवटात आहे.

दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटले. आम्ही उभे राहून एकतेवर बोललो असतो तर लोकांनी मान डोलावली असती, टाळ्या वाजवल्या असत्या आणि पुढचे दोन तास 'मुसलमान कुटुंबाने सांगितलेली शिकवण' म्हणून सिनेमा पाहिला असता. शांतारामांनी जे गोष्टीतून सांगितले ते आम्ही आधीच उपदेशात उरकून टाकले असते. शिवाय या कथेतले भांडण धर्मावरून सुरूच होत नाही. ते एका माणसाच्या फायद्यासाठी लावले जाते. हे प्रेक्षकाला स्वतःला दिसले पाहिजे. म्हणून 'एकता' हा शब्दच आम्ही खोडला. आयत घरात मुलांना समजावून सांगितली. तिची जागा तिथे होती.

मग भाषणात ठेवायचे काय? आम्ही ठरवले की सिनेमा पाहताना डोळ्यांना उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट सांगायची. ती गोष्ट भूमिकांची. 'पडोसी'मध्ये हिंदू ठाकूरची भूमिका मजहर खान यांनी केली आणि मुसलमान मिर्झांची गजानन जागीरदार यांनी. इथे एक सावधगिरी हवी. ही अदलाबदल फक्त हिंदी आवृत्तीत आहे. मराठी 'शेजारी'मध्ये मिर्झा जागीरदारच आहेत, पण त्यांचा हिंदू शेजारी केशवराव दाते झाले आहेत. कुणी मराठी आवृत्ती दाखवणार असेल तर हे वाक्य तिथे लागू पडत नाही. आमच्या सोसायटीत गुजराती आणि दक्षिणेकडची कुटुंबेही आहेत, म्हणून हिंदी आवृत्ती घेतली होती.

शेवटी आम्ही जे बोललो ते असे:

"नमस्कार, सलाम. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे, तुम्ही सगळे ओळखताच. आज आपण 'पडोसी' पाहणार आहोत. हा सिनेमा 1941 चा आहे, पुण्याच्या प्रभात कंपनीचा. ज्या जागेत तो तयार झाला तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आवाज जुना आहे, पहिली दहा मिनिटे कान द्यावा लागेल, नंतर सवय होते. यात दोन म्हातारे आहेत, ठाकूर आणि मिर्झा. ठाकूर झाले आहेत मजहर खान आणि मिर्झा झाले आहेत गजानन जागीरदार, जे पुढे 'रामशास्त्री' म्हणून गाजले. हे लक्षात ठेवून त्यांच्याकडे बघा. आणि दोघे बुद्धिबळ खेळतात, त्या पटावर नजर ठेवा. शेवट ज्यांना माहीत आहे त्यांनी शेजारच्याला सांगू नये. मध्यंतर दहा मिनिटांचे आहे, चहा गेटजवळ आहे. मुलांनी प्रोजेक्टरची वायर ओलांडू नये. आता दिवे बंद करूया."

एवढेच. अडीच-तीन मिनिटे.

बोलताना दोन साध्या गोष्टी पाळल्या. प्रोजेक्टरच्या झोतात उभे राहिले की समोरचे कुणी दिसत नाही आणि आपलीच सावली पडद्यावर पडते. म्हणून पडद्याच्या बाजूला उभे राहिलो, आवारातले दिवे चालू असताना. माइक हातात घेऊन स्पीकरच्या समोर गेले की शिट्टी वाजते, तेव्हा स्पीकर आमच्या पुढे, लोकांच्या बाजूला ठेवला. बोलणे आमच्यापैकी एकानेच केले. दोघांनी माइक देत-घेत बोलले तर तीन मिनिटांची सहा होतात.

सिनेमा सुरू झाला. ठाकूर पहिल्यांदा दिसले तेव्हा पुढच्या सतरंजीवरून एक मुलगा ओरडला, "हे मजहर खान!" मागून कुणीतरी "आणि ते जागीरदार" म्हणाले. नंतर हळूहळू ते थांबले. मध्यंतरात चहा घेताना पहिल्या मजल्यावरच्या आजी विचारत होत्या, "मिर्झा त्या कारखानदाराचे ऐकतात तरी कसे? इतक्या वर्षांचा माणूस!" त्यांनी ठाकूरबद्दलही तोच सवाल केला. मजहर खान कोण आणि जागीरदार कोण, हे तोपर्यंत कुणी बोलत नव्हते. दोन शेजाऱ्यांचे कसे होणार, याचीच काळजी चालली होती.

सिनेमा साडेनऊनंतर थोड्याच वेळात संपला. शेवटी काय होते ते इथेही सांगत नाही. दिवे लागले तेव्हा काही वेळ कुणी उठले नाही. मग सतरंज्या गोळा करायला सगळेच लागले, आणि आम्ही इशासाठी वर गेलो.