धानाच्या वहीची मागची पानं

बाबांच्या धानाच्या वहीत मागच्या बाजूने मी त्या रात्रीचं बोलणं उतरवून ठेवलं. तारीख, कोण कोण होतं, कोण काय म्हणालं. पुढे कुणी कुणाला दोष देऊ नये म्हणून.

आमगावजवळच्या आमच्या घरी आजी आत बाजेवर होती. नऊ वर्षांच्या स्मृतिभ्रंशानं माणसं पुसून टाकली होती, आणि आता घास तोंडात धरून ती तशीच बसे. गिळायचं असतं हेच विसरलेली. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती तिनं दोनदा उपसली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा तिचे हात पट्टीनं खाटेला बांधले. जन्मभर रोवणी केलेले हात. घरी येताच नळी पुन्हा निघाली. आता घालायची का?

मोठे काका म्हणाले, "नाही घातली तर आपण माईला उपाशी मारलं." भाताच्या मुलखात हा शब्द फार जड आहे. बराच वेळ कुणी बोललं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं मी वाचून दाखवलं. लकव्यानंतर गिळणं परत येण्याची आशा असते, तिथे नळी उपयोगी. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीनं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून वर येणारं अन्न फुप्फुसात जातंच. ती जेवत नाही म्हणून जात नाहीये. ती चालली आहे म्हणून शरीर जेवण मागत नाहीये.

काकांनी अरुणा शानभागचं नाव काढलं. केईएमच्या परिचारिकांनी तिला कित्येक वर्षं तोंडानं मऊ अन्न भरवलं, ते आपण का करू नये? मला वाटतं, त्यांच्या तोंडूनच वाट निघाली. भरवणं सोडायचं नव्हतंच. सोडायची होती ती जबरदस्ती.

सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये आधीच इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला, 2023 मध्ये त्याची रीत सोपी केली. आजीनं काही लिहिलं नव्हतं. पण आत्याला आठवलं, आजोबांच्या शेवटच्या दिवसांत ती म्हणाली होती, "मले असं बांधून नोका ठेवजा." मग प्रश्न आम्हाला काय सोसवेल हा राहिला नाही, तिला काय चाललं असतं हा झाला. काकांना तरीही पटलं नाही. तेही वहीत आहे, त्यांच्याच शब्दांत.

दुसऱ्या दिवशी काकाच भरवायला बसले. तिला ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली. घट्ट पेज, अर्धा चमचा. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की मगच पुढचा. आवाज घरघरला, ठसका लागला की थांबायचं. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, ओल्या कापडानं तोंड पुसायचं.

त्या पानावर काकांचं अक्षर आहे: सकाळी चार चमचे. दुपारी तोंड मिटलं. दिलं नाही. ओठ ओले केले.