रजेची चिठ्ठी

आमच्या धर्मग्रामाच्या शाळेत एक बाई होत्या. निवृत्तीला चार महिने उरलेले, सेवा ३६ वर्षांची. व्यवस्थापक या नात्याने शाळेच्या कामासाठी आमचे त्यांच्याशी वरचेवर बोलणे होई. पण एकदा शाळा सुटल्यावर त्या धर्मगुरुनिवासात आपण होऊन आल्या. वहीचा एक दुमडलेला कागद आमच्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "फादर, हे जरा वाचा."

सातवीतल्या एका मुलीची ती रजेची चिठ्ठी होती. "मी काल शाळेत आले नाही. मला ताप नव्हता. आईचा पाय मुरगळला म्हणून पहाटे मोगऱ्याच्या कळ्या मी तोडल्या. बाबा त्या घेऊन दादरला गेले. नऊ वाजता काम संपले. शाळा अकराला होती, म्हणजे मला येता आले असते. पण मला झोप लागली. आई म्हणाली, ताप लिही. पण मग तुम्ही तापाविषयी विचारले असते आणि मला पुन्हा खोटे बोलावे लागले असते." खाली मुलीची सही होती आणि तिच्या शेजारी, वाकड्या अक्षरांत, आईचीही.

वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. मोगऱ्याची कळी उमलण्याआधीच खुडावी लागते. आज राहिली तर उद्या तिला भाव नाही. पाय मुरगळला म्हणून कळी थांबत नाही.

आम्ही व्यवस्थापकाच्या थाटात म्हणालो, "पालकांना बोलावून समज द्यायला हवी." बाईंनी मान हलवली. "समज मलाच मिळाली आहे, फादर," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी स्वतःच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली.

त्या चौथीत असताना आषाढात आवणी चालली होती. घरात माणूस कमी पडले, म्हणून आईने त्यांना दोन दिवस शेतावर ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरळ लिहून नेले की, आवणीला गेले होते, पायांना चिखल्या झाल्या आहेत, म्हणून आजही हळूहळू चालत आले. गुरुजींनी ती चिठ्ठी साऱ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवली. मुले हसली. चिखल्या हे त्यांचे टोपणनाव वर्ष संपेपर्यंत चालले. गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनाही ती गंमतच वाटली असावी. पण पुढल्या आवणीला त्या मुलीने लिहिले, "मला ताप आला होता." गुरुजींनी न बोलता सही केली. तेव्हापासून शाळा संपेपर्यंत त्यांना दर पावसाळ्यात ताप येत राहिला.

"तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते," बाई म्हणाल्या. "पण मी शिक्षिका झाले. रजेच्या अर्जाचा नमुना शिकवताना दरवर्षी फळ्यावर मीच लिहिले, 'काल मला ताप आल्यामुळे.' मुलांनी ते तसेच उतरवून घेतले. किती मुलांना मी हा ताप दिला असेल, फादर?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी काय केले ते आम्हांला नंतर कळले. हजेरीपटावरची त्या मुलीची गैरहजेरी त्यांनी तशीच ठेवली. खरे लिहिले म्हणून न आलेला दिवस आल्याचा होत नाही. चिठ्ठीवर सही करून त्यांनी ती कपाटात ठेवली, वर्गात तिचा उल्लेखही केला नाही. मधल्या सुट्टीत मुलीला जवळ बसवून बुडालेले गणित शिकवले आणि आईच्या पायाची चौकशी केली. मग फळ्यावर नवा नमुना लिहिला. त्यात 'ताप' या शब्दाच्या जागी रिकामी रेघ होती. त्या एवढेच म्हणाल्या, "येथे जे खरे असेल ते लिहा. ते मी एकटी वाचीन."

पुढच्या चार महिन्यांत ताप कमी झाले आणि दुसरीच कारणे येऊ लागली. एकुलता एक गणवेश वाळला नव्हता. आजोबांजवळ बसायला घरी कोणी नव्हते. एका मुलाने लिहिलेले कारण असे होते की, बाई संध्याकाळी ती चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आल्या आणि आम्ही दोघे तशाच अंधारात त्याच्या घरी गेलो. त्या चिठ्ठीत काय होते, ते येथे लिहिणार नाही. ती बाईंनी एकटीने वाचायची होती. आम्हांला दाखवण्यापूर्वी त्यांनी त्या मुलाला विचारले होते.

निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामे करताना बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत दिल्या. मोगऱ्याची तेवढी त्या मुलीला विचारून त्यांनी आपल्याजवळ ठेवून घेतली.