T चा ७ होतो तेव्हा

बारावीच्या गणितात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. त्यातली ट्रुथ टेबलं मी इतकी वर्षं फळ्यावर खडूनं काढत आलो की उभे रकाने हाताला पाठ झालेत. चार T चार F, मग दोन-दोन, मग एकाआड एक. कोल्हापुरातल्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणाऱ्याला हे झोपेतही जमेल. मला त्याचा जरा जास्तच अभिमान होता. आठ ओळी रेघ न आखता सरळ रेषेत उतरल्या की मी मुद्दाम दोन पावलं मागं सरकून फळ्याकडं बघायचो. पोरांना वाटायचं, सर तपासताहेत. सर कौतुक करत असायचे, स्वतःचं.

आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय आणि छापील पानावरचे T आणि F एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात. त्यामुळं पोरं फोनवर पानाचा फोटो पाठवतात, मी तो एक्सेलमध्ये तक्ता म्हणून उचलतो आणि पुस्तकातला उत्तराचा रकाना ओळीगणिक सूत्रानं ताडून बघतो. Data मध्ये From Picture अशी सोय आहे. चित्र दिलं की चौकोन भरून येतात आणि शंकास्पद वाटलेले चौकोन ते दाखवतंही. पण पोरांचे फोटो हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली काढलेले, पान दुमडलेलं, वर कोणीतरी पेनानं गिरवलेलं. अशा फोटोत T चा कधी ७ होतो, कधी 1, कधी नुसता कोरा चौकोन. F चा P किंवा E होतो. शंकास्पद म्हणून दाखवलेले चौकोन आपण घाईत मान्य, मान्य, मान्य करत सुटतो, कारण अठ्ठेचाळीस चौकोनांत कोण डोळे फोडणार?

माझी सगळी झटापट त्या ७ शी आहे. बाकीचं काम कोणीही करेल.

अक्षरांचं खरं-खोटं करायला हाताला सहज येणारं सूत्र असं:

```
=A2="T"
```

T असेल तर TRUE, नाहीतर FALSE. दिसायला निर्मळ, पण ‘नाहीतर’मध्ये काय काय शिरतं ते बघा. F शिरतो, ७ शिरतो, कोरा चौकोन शिरतो, T च्या मागं एक स्पेस चिकटून आली तर तोही शिरतो. न वाचता आलेलं सगळं मुकाट्यानं ‘खोटं’ ठरतं. गंमत अशी की F वाचताना कितीही घोळ झाला, P आला, E आला, तरी निकाल बरोबरच येतो, कारण त्याला FALSE च व्हायचं होतं. निम्मे घोळ असे पुण्याईनं निस्तरले जातात. म्हणून हे सूत्र चांगलं चालतंय असं फार दिवस वाटत राहतं.

आता उरलेले निम्मे. p → q चं साधं टेबल घ्या. ओळी TT, TF, FT, FF आणि पुस्तकातलं उत्तर T, F, T, T. समजा पहिल्या ओळीतल्या p च्या T चा ७ झाला. सूत्र त्याला F समजलं, ओळ FT झाली, तिचं उत्तर T. पुस्तकातही T. जुळलं! दुसऱ्या ओळीतल्या p ला तेच झालं तर मात्र ओळ FF होते, उत्तर T येतं, पुस्तकात F आहे, म्हणजे पकडलं गेलं. q कडं तसंच. पहिल्या ओळीतला q बिघडला तर TF होऊन सापडतो, तिसऱ्या ओळीतला बिघडला तर FF होऊन निसटतो. p आणि q च्या रकान्यांत मिळून चार T आहेत. त्यांतले दोन बिघडले तर शीट ओरडतं, दोन बिघडले तर हिरवं दाखवतं. नाणेफेक केली असती तरी इतकंच हाती लागलं असतं.

हे माझ्यासमोर आणलं गगनबावड्याकडच्या एका विद्यार्थिनीनं. मोठ्या ऐटीत मी तिला ‘सगळं जुळलं’ सांगणारा शीटच्या खालचा हिरवा चौकोन दाखवला. ती पुस्तक पुढं करून म्हणाली, “सर, पण इथं शाईचा डाग हाय. मलाच वाचता येत न्हाई. मग शीटनं वाचलं कसं?” मी म्हटलं, “त्यानं वाचलं नाही बाळ, त्यानं गृहीत धरलं.” हे वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला त्या शीटकडं बघवेना.

आमच्या धंद्यात सत्यमूल्यं दोनच. वर्गात मी हे जोरात सांगतो, तिसरा पर्याय नाही. तपासणीच्या शीटला मात्र तिसरी अवस्था लागतेच. खरं, खोटं आणि ‘वाचलंच नाही’. आणि तिसरीनं गप्प बसून चालत नाही, तिनं पुढचा हिशेब अडवून धरला पाहिजे. म्हणून A, B, C मध्ये चित्रातून आलेली p, q आणि उत्तराची अक्षरं जशीच्या तशी ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही, आणि शेजारच्या D, E, F मध्ये त्यांचं रूपांतर करायचं:

```
=IF(TRIM(A2)="T",TRUE,IF(TRIM(A2)="F",FALSE,NA()))
```

आता ७ आला की #N/A येतं आणि ते त्या ओळीतल्या पुढच्या प्रत्येक सूत्रात पाझरतं. OR ला एक TRUE मिळाला तरी दुसरीकडं #N/A असेल तर उत्तर #N/A च. वर्गात आपण सांगतो की ‘किंवा’मध्ये एक खरं मिळालं की पुढं बघायचं कारण नाही. इथं तसं होत नाही हे आपल्या पथ्यावरच पडतं.

पण त्यासाठी आधी रूपांतर झालेलं हवं. AND चंच बघा. रूपांतर न केलेला कच्चा चौकोन त्याच्या हवाली केला तर तो मजकूर आणि कोरे चौकोन वगळून टाकतो. p चं रूपांतर होऊन TRUE आलंय आणि q चा कच्चा चौकोन कोरा, तर AND म्हणतो TRUE, जणू q नव्हताच. त्याच कोऱ्या चौकोनावर NOT लावा, तो म्हणतो TRUE, म्हणजे त्याच्या लेखी q खोटा होता. एकाच चौकोनाला एक सूत्र गैरहजर मानतं आणि दुसरं खोटारडा. शाळेच्या हजेरीपुस्तकात असं केलं तर पालक भांडायला येतील.

खालच्या हिरव्या चौकोनातही एक चोरवाट आहे. न जुळलेल्या ओळी मोजून शून्य आल्या की खूश व्हायचं, हे सुचायला सोपं. पण #N/A आलेली ओळ FALSE नसते, म्हणून ती त्या मोजणीत येतच नाही. सगळ्या ओळी बिघडल्या तरी शून्यच! त्याऐवजी जुळलेल्या मोजायच्या, H हा जुळणीचा रकाना:

```
=COUNTIF(H2:H5,TRUE)=4
```

एवढ्यानंही माझं समाधान झालं नाही. T चा सरळ F वाचला गेला तर काय? अशा वेळी #N/A येत नाही, अक्षर सभ्य दिसतं. त्यासाठी प्रत्येक ओळीला तिच्या स्वतःच्या p आणि q वरून क्रमांक द्यावा लागतो, 2*D2+E2. TT ला ३, TF ला २, FT ला १, FF ला ०. पहिली ओळ चुकून FT झाली की क्रमांक १, २, १, ० असे येतात. १ दोनदा आणि ३ गायब. क्रमांक एकदाच आलाय का, एवढं बघितलं की ती निसटलेली ओळ सापडते.

यात आणखी एक फायदा झाला. ओळींच्या क्रमावरून भांडायचं कारण उरलं नाही. आमच्याकडं T आधी. शिरोलीच्या एमआयडीसीत पॅनेल बनवणारा माझा एक जुना विद्यार्थी शून्यापासून सुरू करतो, त्याचं टेबल माझ्या उलटं. आणि विटगेनस्टाईननं १९२१ साली छापलेल्या टेबलात तर निराळाच क्रम आहे. आधी सगळी खरी, मग एकेक खोटं, मग दोन-दोन, शेवटी सगळी खोटी. क्लासवाल्यांच्या गाइडमध्येही ओळी कशाही असतात. पण तिथं त्यामागं काही विचार असेल असं मला वाटत नाही. एकानं दुसऱ्याचं उतरवताना एक ओळ राहिली आणि ती शेवटी डकवली, एवढंच. या लोकांनी पोरांना अलीकडं ‘फक्त F शोधा’ ही युक्ती शिकवलीय. p → q मध्ये F एकदाच येतो, तो शोधा, बाकी T भरा. गुण मिळतात. पण अशा पोराला अख्खी ओळ वाचायची सवयच लागत नाही, आणि ओळ न वाचणाऱ्याला डागही दिसत नाही.

आता माझ्या खऱ्या दुखण्याकडं येतो. p → q साठी एक्सेलमध्ये सूत्र नाही. सगळे `OR(NOT(D2),E2)` लिहितात. मी लिहितो:

```
=D2<=E2
```

एक्सेलच्या लेखी FALSE हे TRUE पेक्षा लहान. म्हणून ‘p हा q पेक्षा मोठा नाही’ हे एकाच ओळीत खोटं ठरतं, p खरा आणि q खोटा असताना. इतकं देखणं सूत्र मला दुसरं माहीत नाही. ते दाखवायला मी स्टाफरूममध्ये लोकांना थांबवून ठेवलंय. एकदा तर बायॉलॉजीच्या मॅडमना.

त्यात खोच आहे ती तीन चलं आली की. p → (q → r) असं पुस्तकात आहे आणि तुम्ही D, E, F मध्ये p, q, r घेऊन मोहात पडून `=D2<=E2<=F2` लिहिलंत, तर एक्सेल डावीकडून जातं आणि (p → q) → r काढतं. आठपैकी सहा ओळी तरीही जुळतात. न जुळणाऱ्या दोन म्हणजे FTF आणि FFF, आमच्या क्रमानं सहावी आणि आठवी. दोन्हींत p खोटा, त्यामुळं पुस्तकाचं उत्तर बसल्याजागी T. पण शीट आधी p → q काढतं, ते खरं येतं, आणि r खोटा असल्यानं खऱ्यावरून खोट्यावर जाऊन F देतं. म्हणून सहा आणि आठ एकत्र लाल दिसल्या की फोटोला किंवा पुस्तकाला दोष द्यायचा नाही, कंस बघायचे. एकच ओळ लाल असेल आणि क्रमांक सगळे वेगवेगळे असतील, तर उत्तराच्या रकान्यातलं अक्षर मूळ पानावर जाऊन बघायचं.

ती पोरगी आता हे माझ्याआधी ओळखते. “सहा-आठ, सर,” एवढंच म्हणते आणि कंस घालते. तिनं स्वतःच्या शीटमध्ये `<=` ठेवलेलं नाही. तिच्याकडं सगळीकडं OR आणि NOT आहे, लांबलचक, कुणालाही वाचता येईल असं. ते जास्त चांगलं आहे हे मला कळतं. माझ्या शीटमध्ये मात्र `<=` च आहे, कंसांसकट, आणि तो रकाना मी जरा रुंद ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला सूत्र दिसावं म्हणून.